दिवाळी सरकते तेव्हा गॅमा किती ठेवायचा? मासिक विक्रीसाठी होल्ट-विंटर्स, पायरीपायरीने

साताऱ्यात पूर्वानुमानाचा कोर्स शिकवताना मी विद्यार्थ्यांना कंदी पेढ्यांची मासिक विक्री देते. हवाई प्रवाशांचे किंवा वीजवापराचे तयार आकडे पुस्तकात भरपूर असतात, पण त्यांत आपल्याकडची खरी अडचण येत नाही. मोती चौकातल्या दुकानाचं वर्ष इंग्रजी महिन्यांनी चालत नाही, सणांनी चालतं. सण तर दरवर्षी तारीख बदलतात. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगचे तीन स्थिरांक निवडताना सगळ्यात मोठी फसगत इथेच होते आणि ती मुख्यतः गॅमाच्या बाबतीत होते. म्हणून अल्फा आणि बीटाबद्दल मी गरजेपुरतं लिहिणार आहे आणि जास्त वेळ गॅमाला देणार आहे.

पुढचे विक्रीचे आकडे सरावासाठी बेतलेले आहेत, सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

सूत्रं आणि त्यांचा अर्थ

कल सांभाळणारी पद्धत चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये मांडली. त्यांचे विद्यार्थी पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये हंगामासह ती पडताळून प्रसिद्ध केली. गुणाकारी रूपात ती अशी:

```
L[t] = α·(Y[t] / S[t-12]) + (1-α)·(L[t-1] + T[t-1])
T[t] = β·(L[t] - L[t-1])  + (1-β)·T[t-1]
S[t] = γ·(Y[t] / L[t])    + (1-γ)·S[t-12]
F[t+m] = (L[t] + m·T[t]) · S[t+m-12]      (m = 1 ते 12)
```

`Y` म्हणजे त्या महिन्याची प्रत्यक्ष विक्री, `F` म्हणजे अनुमान, `L` म्हणजे हंगाम वगळून उरलेली पातळी, `T` म्हणजे दरमहा वाढ किंवा घट आणि `S` म्हणजे त्या महिन्याचा हंगामी निर्देशांक. अल्फा, बीटा आणि गॅमा, म्हणजे α, β आणि γ, हे ० ते १ मधले स्थिरांक अनुक्रमे पातळी, कल आणि निर्देशांक ताज्या आकड्याकडे किती झुकवायचे ते ठरवतात. ऑक्टोबरचा निर्देशांक १.४० असेल तर त्या महिन्यात पातळीच्या १.४ पट माल जातो. दुकान वाढतं तशी सणाची जादा विक्रीही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून इथे गुणाकारी रूप घ्यायचं. दुकान दुप्पट झालं तरी सणाला जादा खप तेवढाच राहत असेल, तर बेरजेचं रूप घ्यावं. आलेख काढून दरवर्षीच्या शिखराची उंची बघितली की हे सहसा लगेच ठरतं.

तिसरी ओळ नीट वाचा. अल्फा आणि बीटा दर महिन्याला काम करतात. एखाद्या महिन्याचा निर्देशांक मात्र वर्षातून एकदाच बदलतो, कारण ऑक्टोबर वर्षातून एकदाच येतो. अल्फा ०.३ असेल तर पातळीत मिसळलेल्या माहितीचं सरासरी वय (१ − ०.३) / ०.३, म्हणजे सुमारे सव्वादोन महिने. गॅमा ०.३ असेल तर हेच सव्वादोन वर्षं होतात. गॅमा ०.१ ठेवला तर तीन वर्षांनंतरही तुम्ही सुरुवातीला दिलेल्या निर्देशांकाचं वजन ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे जवळपास ७३ टक्के उरतं. म्हणजे गॅमा लहान ठेवायचा असेल तर सुरुवातीच्या निर्देशांकांवर मेहनत घेणं ओघानंच आलं.

सुरुवातीच्या किमती

समजा २०२२ ची मासिक सरासरी ४०० किलो आणि २०२३ ची ४२४ किलो आहे. बारा महिन्यांत २४ किलो वाढ झाली, म्हणजे सुरुवातीचा कल दरमहा २ किलो.

सुरुवातीची पातळी म्हणून बरेच जण ४०० लिहून मोकळे होतात. पण ४०० ही वर्षाच्या मध्याची, जून आणि जुलैच्या मधली किंमत आहे. आपल्याला डिसेंबर २०२२ अखेरची पातळी हवी, म्हणजे साडेपाच महिने पुढची: ४०० + ५.५ × २ = ४११. हे ११ किलो सोडले तर पहिले काही महिने सगळ्या चुका एकाच दिशेच्या येतात आणि ती दरी भरून काढायला, स्थिरांक शोधून देणारा एक्सेलचा सॉल्व्हर अल्फा उगाच वर नेतो.

निर्देशांक काढतानाही हीच कलरेषा वापरायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये रेषा ४०७ वर होती आणि विक्री ५७०, म्हणून निर्देशांक १.४०. नोव्हेंबरला रेषा ४०९, विक्री ४३०, निर्देशांक १.०५. बाराही निर्देशांक काढून झाले की त्यांची बेरीज १२ येईल असं सगळ्यांना एकाच संख्येनं गुणून घ्यायचं.

दोन महिने हातानं सोडवून बघू

२०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. दिवाळीचा सगळा खप ऑक्टोबरमधून नोव्हेंबरमध्ये सरकला. धंदा होता तसाच होता, बदलला होता तो कॅलेंडरमधला रकाना.

सप्टेंबर २०२३ अखेर पातळी ४२९ आणि कल २ आहे असं धरू. अल्फा ०.३, बीटा ०.१. ऑक्टोबरचं अनुमान (४२९ + २) × १.४० = ६०३ किलो. प्रत्यक्ष विक्री ४५३. चूक १५० किलोची. आता सूत्राला दिवाळी कळत नाही, फक्त विक्री पडलेली दिसते:

```
L = 0.3·(453/1.40) + 0.7·431    = 398.8
T = 0.1·(398.8 - 429) + 0.9·2   = -1.2
```

दुकान दरमहा २ किलोनं वाढत असताना पातळी एका झटक्यात ३० किलोनं खाली आली आणि कल उणे झाला. नोव्हेंबरचं अनुमान (३९८.८ − १.२) × १.०५ = ४१७. प्रत्यक्ष विक्री ६०६, चूक १८९ किलो, तीही उलट दिशेनं. मग पातळी उसळून ४५१.५ होते आणि कल ४.२. खरी कलरेषा डिसेंबरला ४३५ वर आहे, आपण मात्र ४५६ धरून बसतो. डिसेंबरचं अनुमान त्यामुळे जवळपास ५ टक्के जास्त येतं. डिसेंबरच्या विक्रीत वावगं काहीच घडलेलं नसतं.

ही खूण लक्षात ठेवा: शेजारच्या दोन महिन्यांत मोठ्या आणि विरुद्ध चिन्हांच्या चुका दिसल्या की स्थिरांकांना हात लावण्याआधी पंचांग उघडा.

गॅमा कुणाच्या सांगण्यावरून ठरतो?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. एका विद्यार्थिनीनं शीट दाखवत विचारलं, "मॅडम, गॅमा ०.१ ठेवला काय आणि ०.९ ठेवला काय, चुकांची बेरीज तीच येते. माझं सूत्र चुकलंय का?"

सूत्र बरोबर होतं. तिनं चोवीसच महिने घेतले होते. पहिलं वर्ष निर्देशांक काढण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक महिन्याचं अनुमान पहिल्या वर्षाच्या निर्देशांकावरून झालं. गॅमानं बदललेले निर्देशांक तिसऱ्या वर्षी वापरात यायचे, आणि तिसरं वर्ष शीटमध्ये नव्हतंच. त्यामुळे गॅमाचा चुकांशी संबंधच आला नाही. अशा वेळी सॉल्व्हर तुम्ही टाकलेली सुरुवातीची संख्याच परत देतो आणि ती उत्तमातली उत्तम किंमत आहे असा समज होतो.

छत्तीस महिने असतील तर गॅमाबद्दल बोलणाऱ्या चुका फक्त तिसऱ्या वर्षाच्या, म्हणजे बारा. २०२२ ते २०२४ घेतलं तर गॅमाचा सगळा निकाल एकट्या २०२४ च्या हातात. आता बघा, २०२४ मध्ये काय झालं ते.

२०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. जादा खप दोन महिन्यांत वाटला गेला. आपल्या बेतलेल्या दुकानात त्यातला ७० टक्के खप ३१ ऑक्टोबरपर्यंत झाला असं धरलं, तर ऑक्टोबरचं खरं प्रमाण १.२९ आणि नोव्हेंबरचं १.१६ च्या आसपास येतं. मग २०२३ नंतर निर्देशांक कुठे होते? गॅमा ०.५ असताना ऑक्टोबर १.२७ आणि नोव्हेंबर १.२०. गॅमा ०.१ असताना १.३७ आणि १.०८. हिशेब साधा राहावा म्हणून पातळी पुन्हा कलरेषेवर आली आहे असं धरू, म्हणजे ऑक्टोबरला ४५५ आणि नोव्हेंबरला ४५७. गॅमा ०.५ चं अनुमान ऑक्टोबरला १२ किलोंनी आणि नोव्हेंबरला १९ किलोंनी चुकतं, गॅमा ०.१ चं दोन्ही महिन्यांत ३५ किलोंच्या आसपास.

अर्थात सॉल्व्हर मोठा गॅमा निवडणार. कागदावर तो बरोबरही दिसतो. पण मोठ्या गॅमानं काहीही ओळखलेलं नाही. एक वर्ष दिवाळी ऑक्टोबरात, एक वर्ष नोव्हेंबरात, म्हणून त्यानं दोन्हींची मध्यावरची सरासरी काढून ठेवली होती, आणि २०२४ ची दिवाळी नेमकी मध्यावर आली.

२०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे सगळा खप पुन्हा ऑक्टोबरमध्ये. गॅमा ०.५ आता ऑक्टोबरला ५७ किलो कमी सांगतो आणि नोव्हेंबरला ६१ किलो जास्त. गॅमा ०.१ ची चूक १७ आणि १८ किलोंवर थांबते. म्हणून निवड २०२२ ते २०२४ वर केली असेल तर २०२५ चे बारा महिने बाजूला ठेवून त्यांच्यावर ती तपासणं टाळता येत नाही. मात्र २०२५ मध्ये गॅमा ०.१ जिंकला यावरून तो योग्य ठरला असंही समजू नका. २०२५ ची दिवाळी २०२२ सारखी होती आणि लहान गॅमा अजून २०२२ ला धरून होता, एवढंच.

मग करायचं काय: सण आधी वेगळा काढा

दुकानदाराकडे रोजची बिलं असतात. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दोन आठवडे आणि भाऊबीजेपर्यंतचे दिवस घ्या. त्या दिवसांत एरवीच्या दिवसांपेक्षा किती किलो जास्त गेले ते मोजा. आपल्या आकड्यांत ऑक्टोबर २०२२ ला साधी विक्री ४०७ × १.०५ = ४२७ असती. प्रत्यक्षात ५७० झाली, म्हणजे १४३ किलो जादा. नोव्हेंबर २०२३ ला साधी ४५५, प्रत्यक्ष ६०६, म्हणजे १५१ जादा. पातळीशी तुलना केली तर दोन्ही वेळा ३५ टक्के. आतापर्यंत उड्या मारणारी संख्या इथे एकदम स्थिर झाली. सणाचं जादा प्रमाण वर्षानुवर्षं असं जवळपास सारखं येत असेल, तर वेगळं काढण्याची ही रीत तुमच्या आकड्यांना लागू पडते.

हे जादा किलो मासिक आकड्यांतून वजा करून उरलेल्या साध्या विक्रीवर होल्ट-विंटर्स चालवा. पूर्वानुमान आलं की त्या वर्षाच्या तारखेनुसार जादा विक्री परत मिळवा. वजाबाकीनंतर वर्षाची सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी खाली येते, म्हणून पातळी आणि निर्देशांक नव्यानं काढून बेरीज पुन्हा १२ करून घ्यायची. या लेखात आकडे ओळखीचे राहावेत म्हणून मी जुनीच रेषा ठेवली आहे.

गणेशोत्सवालाही हेच लागू आहे. चतुर्थी २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर आणि २०२५ ला २७ ऑगस्ट. पेढे आणि मोदकांचा खप या तारखांमागे फिरतो.

दहावीच्या निकालाची गोष्ट वेगळी आहे. २०२२ ला निकाल १७ जूनला लागला, २०२३ ला २ जूनला, २०२४ ला २७ मे रोजी आणि २०२५ ला १३ मे रोजी. इथे तारीख पुढेमागे झुलत नाही, चारही वर्षं एकाच दिशेनं सरकली आहे. अशा बदलामागे जायला मोठा गॅमा खरंच उपयोगी पडला असता. पण सूत्रात बाराही महिन्यांना मिळून गॅमा एकच असतो. मे-जूनसाठी तो वाढवला की फेब्रुवारीचा निर्देशांकही एकेका वर्षाच्या योगायोगानं हलायला लागतो. म्हणून निकालाचा आठवडाही वेगळा काढलेला बरा.

आता शोध घ्या, पण एका बिंदूवर विसंबू नका

सण काढून झाल्यावरच स्थिरांक शोधायचे. एक्सेलमध्ये सॉल्व्हर वापरत असाल तर तिन्हींवर ० ते १ ची मर्यादा घाला आणि निदान तीन-चार वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा, कारण तो जवळच्या खळग्यात अडकून पडतो. मला मात्र जाळी मांडून सगळी जमीन बघायला जास्त आवडतं. आर मध्ये हे असं होतं (`vikri` मध्ये सण वजा केलेले ४८ महिने आहेत):

```r
y <- ts(vikri, start = c(2022, 1), frequency = 12)
train <- window(y, end = c(2024, 12))
g <- expand.grid(a = seq(0.05, 0.5, 0.05),
                 b = c(0.01, 0.05, 0.1, 0.2),
                 k = c(0.05, 0.1, 0.2, 0.4))
g$sse <- mapply(function(a, b, k)
  HoltWinters(train, alpha = a, beta = b, gamma = k,
              seasonal = "multiplicative")$SSE, g$a, g$b, g$k)
head(g[order(g$sse), ], 15)
```

आर स्वतः सुरुवातीच्या किमती पहिल्या दोन वर्षांवरून काढतो, त्यामुळे त्याचे आकडे तुमच्या हातच्या शीटशी तंतोतंत जुळणार नाहीत. एक्सेलचं `FORECAST.ETS` तर बेरजेचं रूप वापरतं. एका ठिकाणी मिळालेला गॅमा उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकू नका.

यादीतली पहिली ओळ घेऊन उठू नका, पंधराही ओळी वाचा. सहसा बऱ्याच ओळींची बेरीज एकमेकींच्या दोन-तीन टक्क्यांत असते. तशी असेल तर तेवढ्या फरकावर विश्वास ठेवण्याइतके महिने आपल्याकडे नाहीतच. मग त्या गटातला लहान बीटा आणि लहान गॅमा असलेला संच मी घेते. गॅमाचं कारण वर आलंच आहे. बीटाचं कारण असं की कलाची चूक पुढे जाताना महिन्यांच्या संख्येनं गुणली जाते. वर कल २ ऐवजी ४.२ झाला होता. त्यातून सहा महिन्यांनंतरच्या अनुमानात नुसत्या कलापायी १३ किलोंची भर पडते. खोके आणि साखर तीन महिने आधी ठरवायची असेल तर चूकही तीन महिने पुढच्या अनुमानाची मोजा. एका महिन्याच्या चुकीवर निवडलेला बीटा तिथे बहुतेक वेळा जास्तच भरतो.

बीटा शून्याला टेकला तर घाबरायचं कारण नाही, कल स्थिर आहे एवढाच त्याचा अर्थ. अल्फा एकाच्या जवळ गेला तर मात्र थांबा. एखादा सण काढायचा राहिला असेल, दुकानानं दुसरी शाखा उघडली असेल किंवा सुरुवातीची पातळी चुकली असेल.

निवडलेल्या संचाच्या उरलेल्या चुकांचा सहसंबंधही बघा. २०२३ ते २०२५ च्या ३६ चुका असतील तर मर्यादा साधारण २ / √३६, म्हणजे ०.३३. एका महिन्याच्या अंतरावर सहसंबंध याच्या वर असेल तर अल्फा कमी पडतोय. बारा महिन्यांच्या अंतरावर तो अधिक असेल तर गॅमा कमी पडतोय, आणि उणे असेल तर गॅमा एका वर्षाच्या योगायोगामागे धावतोय किंवा एखादा सरकता सण आत राहिलाय. ३६ चुकांत बारा महिन्यांच्या अंतराच्या जोड्या २४ च असतात, त्यामुळे ०.३५ आणि ०.३० मध्ये फार फरक मानू नका.

स्थिरांक वर्षातून एकदा, डिसेंबर संपल्यावर, पुन्हा तपासले की पुरे. पातळी, कल आणि निर्देशांक दर महिन्याला आपोआप बदलत असतातच.

२०२६ चा हिशेब

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. नुसत्या होल्ट-विंटर्सचा गॅमा ०.१ इथे ऑक्टोबरसाठी ६९० किलोंच्या आसपास सांगेल, कारण त्याच्या लेखी दिवाळी अजून ऑक्टोबरातच आहे. वेगळा काढलेला सण असा परत येतो: कलरेषा ऑक्टोबरला ५०३, नोव्हेंबरला ५०५. जादा खप ५०५ च्या ३५ टक्के, म्हणजे १७७ किलो. लक्ष्मीपूजनाच्या आठ दिवस आधीपर्यंत यातला १५ टक्के खप होतो असं बिलांवरून दिसलं, तर २७ किलो ऑक्टोबरात आणि १५० नोव्हेंबरात. ऑक्टोबरचं पूर्वानुमान ५०३ × १.०५ + २७ = ५५५ किलो, नोव्हेंबरचं ५०५ × १.०५ + १५० = ६८० किलो. खव्याची मोठी मागणी नोंदवायची ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी.